ओंबी रिकामी की दाणा बारीक? गव्हाला बसणारे उन्हाचे दोन वेगवेगळे फटके आणि पेरणीची तारीख

गहू काढला, उतारा कमी आला, की सगळे एकच वाक्य बोलतात, "यंदा ऊन लवकर लागलं." वाक्य बरोबर असतं पण त्यातून पुढच्या वर्षी नक्की काय करायचं ते काही कळत नाही. कारण उन्हाने गव्हाचं नुकसान दोन पूर्ण वेगळ्या पद्धतीने होतं, दोन वेगळ्या वेळी होतं, आणि ओंबी हातात घेऊन चोळली तर कुठला फटका बसलाय ते पाच मिनिटांत कळतं. मी स्वतः बरीच वर्षं हे दोन्ही एकच समजत होतो, एकदा तर अर्ध्या रिकाम्या ओंब्या बघून बियाण्यालाच शिव्या घातल्या, बियाणं बिचारं चांगलं होतं, पेरायला उशीर मीच केला होता.

पहिला फटका म्हणजे परागकण वांझ होणं. यात दाणा धरतच नाही, तुसात हवा असते. दुसरा फटका म्हणजे दाणा भरताना लागणारी उष्णता, ज्याला टर्मिनल हीट म्हणतात, म्हणजे पिकाच्या शेवटच्या टप्प्यातली गरमी. यात दाणा धरलेला असतो पण पोट भरायच्या आत ताटावरून उठवल्यासारखं होतं, दाणा सुरकुततो, बारीक राहतो. पहिल्यात दाण्यांची संख्या जाते, दुसऱ्यात दाण्याचं वजन जातं. पोत्यात दोन्हीचा हिशोब "कमी" असाच लागतो, म्हणून घोळ होतो.

आधी परागकणांचं बघू कारण ते डोळ्याला दिसत नाही आणि तिथेच लोक फसतात.

आपल्याला वाटतं की फुलोऱ्यात ऊन लागलं तर पराग मरतो. फुलोऱ्यातलं ऊन वाईट आहेच, पण गव्हाचा खरा नाजूक काळ त्याच्याही आधी येऊन जातो, ओंबी बाहेर पडायच्या आधी, पीक पोटरीत असताना. फुलं उमलायच्या साधारण ८ ते १० दिवस आधी पोटरीच्या आत, हिरव्या इवल्याशा परागकोशात परागकण बनवणाऱ्या पेशींचं विभाजन चालू असतं. एका पेशीच्या चार होतात आणि त्या चार पुढे चार परागकण बनतात. या बाळांना खायला घालायचं काम परागकोशाच्या आतल्या बाजूचा एक पातळ थर करतो, त्याला टॅपेटम म्हणतात, दाईच म्हणा ना. साखर, प्रोटीन, परागाच्या बाहेरच्या कवचाचं सामान, सगळं तिथूनच येतं, आणि काम झालं की हा थर ठरलेल्या वेळी स्वतः विरघळून जातो. गरमी झाली की हा थर वेळेआधीच मोडतो. दाई मेली की बाळं उपाशी. परागकण दिसायला तयार होतात पण आत स्टार्च नाही, रिकामे, चिमलेले, ते फुलातल्या मादी भागावर पडले तरी त्यांची नळी वाढत नाही.

किती गरमी लागते याला? इथे आकडा ऐकून मला धक्का बसला होता. सैनी आणि ॲस्पिनॉल या दोघांनी १९८२ साली छापलेलं काम आहे, त्यांनी गव्हाची झाडं नेमकी या विभाजनाच्या वेळी फक्त ३ दिवस ३० अंशात ठेवली आणि मग परत नेहमीच्या थंड हवेत नेली. तीनच दिवस. तेवढ्यात परागकण बिघडले आणि दाणे धरणं स्पष्ट कमी झालं. आपल्याला ३० अंश म्हणजे छान हवा वाटते, पंखासुद्धा लावत नाही आपण. अर्थात प्रत्येक जात सारखी नाजूक नसते, आणि शेतात पिकाला पाणी मिळालेलं असेल तर पानांतून होणाऱ्या बाष्पामुळे पीक स्वतःला हवेपेक्षा काही अंश थंड ठेवतं, त्यामुळे शेतात हवेचं टेम्परेचर ३० झालं म्हणजे लगेच सगळं संपलं असं नाही. पण पाणी तुटलेलं, वारा कोरडा आणि वर ३२-३३ असे तीन-चार दिवस पोटरीत आले तर धोका खरा आहे. मादी भागही गरमीत बिघडतो, पण परागापेक्षा तो थोडा चिवट असतो.

आता या फटक्याची गंमत, म्हणजे वाईट गंमत अशी आहे की त्या वेळी शेतात काहीच दिसत नाही. पीक हिरवंगार, ओंबी निसवते छान, लांब, कुसळं ताठ. पंधरा दिवसांनी कळतं की आत काही नाही. म्हणून ओळखायचं कसं ते नीट सांगतो.

ओंबी पूर्ण बाहेर पडली आणि फुलं लागून पाच-सहा दिवस झाले की सकाळी शेतात जा आणि एक ओंबी सूर्याकडे धरा. जिथे दाणा धरलाय तिथे तुसाच्या आत एक गडद हिरवट गोळा दिसतो, जिथे धरला नाही तिथून उजेड आरपार येतो. आणखी एक खूण, ज्या फुलात पराग पोचला नाही ते फूल परत उघडं पडतं, तूस एकमेकांपासून फाकलेली राहतात, जणू अजून वाट बघतायत. अशी फाकलेली फुलं ओंबीवर जागोजागी असली तर ओंबी जरा विस्कटल्यासारखी दिसते, लांबूनसुद्धा ओळखू येते. मग एखादं फूल नखाने उघडून परागकोश बघा. चांगला परागकोश जाड, पिवळा, आणि बोटावर चोळला की पिवळी पूड सोडतो. वांझ परागकोश बारीक, फिका, कधीकधी बाणाच्या टोकासारखा वळलेला असतो आणि पूड जवळजवळ सोडतच नाही. कॉलेजची लॅब जवळ असेल आणि साधा मायक्रोस्कोप मिळाला तर आयोडीनचा एक थेंब टाकून बघता येतं, स्टार्च भरलेला पराग काळा-निळा होतो आणि वांझ पराग पिवळट-फिका राहतो, शंभर मोजले की टक्केवारी हातात. हे मात्र फूल उमलायच्या आदल्या दिवशीच्या, अजून न फुटलेल्या परागकोशातून करायचं.

ओंबीवर रिकामी फुलं कुठे आहेत हेही बघा, ती एक प्रकारची डायरीच आहे. ओंबीत सगळी फुलं एकाच दिवशी तयार होत नाहीत. मधली आधी, मग वरची आणि खालची. एका ओंबीत हा फरक काही दिवसांचा असतो, आणि मुख्य ताट आणि नंतरचे फुटवे यांच्यात तर त्याहून जास्त. त्यामुळे तीन दिवसांचा उष्ण झटका आला तर एखाद्या ओंबीत फक्त मधला पट्टा रिकामा आणि वर-खाली दाणे, तर शेजारच्याच उशिराच्या फुटव्याच्या ओंबीत उलटं, असं चित्र दिसतं. याचाच फायदा असा की एकाच झटक्यात पूर्ण शेत वांझ होणं क्वचित घडतं, बहुतेक वेळा १०-२० टक्के फुलं जातात आणि आपल्या लक्षातही येत नाही.

इथे एक सावधगिरी. रिकामी ओंबी दिसली म्हणजे उन्हानेच झालं असं लगेच ठरवू नका. बोरॉन कमी असलेल्या जमिनीत अगदी हाच प्रकार होतो, परागकोश बारीक, फुलं फाकलेली, दाणा नाही. नेपाळ, बांगलादेश, थायलंड या भागांत गव्हातला वांझपणा बोरॉनमुळे येतो हे चांगलं अभ्यासलेलं आहे. कडाक्याच्या थंडीनेही होतं, आणि पोटरीत पाणी तुटलं तर टेम्परेचर साधं असूनही होतं. फरक करायचा तर तारखा जुळवा. वेगवेगळ्या तारखांना पेरलेली दोन-तीन शेतं बघा, बोरॉनचा प्रश्न असेल तर त्याच जमिनीच्या पट्ट्यात कुठल्याही तारखेची पेरणी रिकामी दिसेल आणि दरवर्षी दिसेल, उन्हाचा असेल तर ठरावीक तारखेच्या पेरणीलाच, ठरावीक ओंब्यांनाच मार बसलेला दिसेल. निसवायच्या आधीचे १०-१२ दिवस कमाल तापमान काय होतं ते लिहून ठेवलेलं असेल तर वाद लगेच मिटतो.

आता दुसरा फटका, दाणा भरतानाचा. हा आपल्याकडे जास्त पसरलेला आणि जास्त पोती खाणारा.

दाणा धरल्यानंतर पहिले दहा-बारा दिवस तो वजनात फारसा वाढत नाही, आतल्या पेशी वाढत असतात, म्हणजे गोदामाच्या खोल्या बांधल्या जात असतात. मग चिकाची अवस्था येते, दाबला की पांढरं दूध निघतं, आणि तिथून स्टार्च भरायला जोरात सुरुवात होते, मग दाणा पिठाळ होतो आणि शेवटी कडक. दाण्याच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास स्टार्चच असतो, त्यामुळे स्टार्च बनायचं थांबलं की वजन थांबलं. आणि स्टार्च बनवणारं जे एक मुख्य एन्झाइम आहे, स्टार्च सिंथेस, ते टेम्परेचरला फारच हळवं आहे, २०-२५ अंशांच्या पुढे त्याचं काम मंदावायला लागतं. पानात साखर पडून असते, देठातून येत असते, पण दाण्यातली गिरणीच बंद पडलेली.

दुसरी गोष्ट वेळेची. झाडाला कॅलेंडर कळत नाही, त्याला साठलेली उष्णता कळते. गरम हवेत सगळं भराभर उरकतं, दाणा लवकर पिकतो. जुन्या अभ्यासातला साधा ठोकताळा असा की दाणा भरण्याच्या काळात सरासरी तापमान १ अंशाने वाढलं की भरायचा काळ साधारण ३ दिवसांनी आखडतो. रोजचा भरायचा वेग थोडा वाढतो पण तेवढा नाही. समजा थंड हवेत दाणा ४१ दिवस भरतोय आणि रोज १ मिलिग्रॅम वाढतोय, ४१ मिलिग्रॅमचा दाणा, हजार दाण्यांचं वजन ४१ ग्रॅम. गरम हवेत वेग १.१ झाला पण दिवस ३० च मिळाले, तर ३३ ग्रॅम. शेतात संख्या तीच, ओंब्या त्याच, आणि उतारा पाचव्या हिश्शाने गेला. त्यावर ३४ अंशांच्या पुढची दुपार वरचेवर आली तर पानंच वेळेआधी पिवळी पडून वाळतात, मग साखर पुरवठाही बंद. रात्र गरम असली तर झाड रात्रभर श्वसनात साखर जाळतं तो वेगळाच खर्च.

प्रोटीन मात्र एवढं अडत नाही, म्हणून बारीक दाण्यात प्रोटीनची टक्केवारी उलट जास्त येते. त्यावर खूश होऊ नका, प्रोटीन वाढलेलं नाही, स्टार्च कमी झालाय.

ओळखायला हा फटका सोपा. ओंबी चोळा, दाणे मोजा. ओंबीत जेवढी जागा तेवढे दाणे आहेत पण बारीक, सुरकुतलेले, मधली खाच खोल, तर दाणा भरताना मार बसला. आणि दाणे मोजकेच आहेत पण जे आहेत ते नेहमीपेक्षाही टपोरे, तर पराग गेला होता. कारण वांझ ओंबीत उरलेल्या थोड्या दाण्यांना सगळा खुराक मिळतो. टपोरा दाणा बघून लोक म्हणतात "दाणा तर भारी आहे, मग उतारा कुठे गेला", तर तो असा गेला. दाणे कमी आणि वर बारीकही, म्हणजे दोन्ही फटके.

मार्च २०२२ आठवा. भारतात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात गरम मार्च तो. पंजाब-हरियाणात पीक उभं चांगलं होतं, फुलोरा बराचसा उरकलेला, आणि नेमका दाणा भरताना पारा चढला. तिथे तक्रार रिकाम्या ओंबीची नव्हती, सुरकुतलेल्या दाण्याची होती, इतकी की सरकारी खरेदीत सुरकुतलेल्या दाण्यांची चालणारी मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, आणि १३ मेला गव्हाची निर्यातच बंद झाली. म्हणजे त्या वर्षीचा मुख्य मार दुसऱ्या प्रकारचा. तोच उन्हाचा झटका पोटरीतल्या पिकावर आला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं.

तर मग पेरणीची तारीख. तारखेने आपण ऊन कमी करत नाही, फक्त पिकाचे नाजूक दिवस कॅलेंडरवर इकडे-तिकडे सरकवतो. आणि ते सरकवायला अंश-दिवसांचा हिशोब लागतो, जो नावाला भारी पण करायला किराण्याच्या बिलाइतका सोपा आहे. रोजचं कमाल आणि किमान मिळवून निम्मं करा, ती त्या दिवसाची सरासरी. रोजच्या सरासरीची बेरीज करत जा. गव्हासाठी साधारण शून्य अंश पाया धरतात म्हणून वजा काहीच करायचं नाही. बेरीज एका आकड्याला पोचली की पीक फुलावर येतं, अजून एका आकड्याला पोचली की दाणा पिकतो.

एक उदाहरण पूर्ण करू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या ठिकाणचे आणि तुमच्या जातीचे घाला. समजा जातीला पेरणीपासून फुलोऱ्यापर्यंत १३०० अंश-दिवस लागतात आणि तिथून दाणा पिकेपर्यंत ७५०. ठिकाण सौम्य हिवाळ्याचं, रोजची सरासरी नोव्हेंबरात २२, डिसेंबरात १८, जानेवारीत १७, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा १९, दुसरा २२, मार्चचा पहिला पंधरवडा २५, दुसरा २८. दुपारचं कमाल या हिशोबात फेब्रुवारीच्या सुरुवातीला २८, उत्तरार्धात ३१, मार्चच्या सुरुवातीला ३४ आणि शेवटी ३७.

५ नोव्हेंबरला पेरलं. नोव्हेंबरचे २६ दिवस गुणिले २२ म्हणजे ५७२, डिसेंबरचे ५५८, झाले ११३०, उरलेले १७० जानेवारीच्या १० दिवसांत. फुलोरा १० जानेवारीच्या आसपास. पुढे जानेवारीच्या २१ दिवसांचे ३५७, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याचे २८५, आणि बाकीचे १०८ पाच दिवसांत, दाणा २० फेब्रुवारीला तयार. भरायला मिळाले ४१ दिवस आणि पारा ३० च्या वर जायला लागतो तेव्हा काम संपत आलेलं.

२५ नोव्हेंबरला पेरलं तर तसाच हिशोब करत गेलं की फुलोरा ५ फेब्रुवारी, दाणा तयार ११ मार्च, भरायला ३४ दिवस. आणि त्यातले शेवटचे दहा-अकरा दिवस ३४ अंशांच्या दुपारी. पोटरीचा नाजूक काळ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, तिथे अजून गारवा, म्हणजे पराग वाचला, दाणा मात्र थोडा बारीक.

१५ डिसेंबरला पेरलं तर फुलोरा २४ फेब्रुवारी, तयार २६ मार्च, भरायला ३० दिवस आणि जवळजवळ सगळे ३४ ते ३७ मध्ये. पोटरी १४-१६ फेब्रुवारीला, नेहमीच्या वर्षी कमाल २८ ते ३१, म्हणजे पराग काठावर उभा. एखाद्या वर्षी फेब्रुवारी तीन अंशांनी गरम निघाला की पडलाच.

आणि ५ जानेवारीला पेरलं, लोक पेरतात, ऊस तुटून रान उशिरा रिकामं झालं की पेरतात, तर फुलोरा ११ मार्चला आणि पोटरी १ ते ३ मार्चला, ३४ अंशांत. इथे पराग जाणं हा अपघात नाही, तो तुम्ही पेरणीच्या दिवशीच ठरवून टाकलेला असतो.

दोन गोष्टी या हिशोबात लपल्यात. एक, ५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर पेरणीत ४० दिवसांचा फरक होता पण फुलोऱ्यात ४५ दिवसांचा पडला, कारण उशिराच्या पिकाचे सगळे दिवस थंडीत गेले आणि बेरीज हळू झाली. प्रत्यक्षात दिवस मोठा होत जातो तसं पीक जरा घाई करतं, उशिराच्या पेरणीला फुलायला थोडे कमी अंश-दिवस पुरतात, त्यामुळे हा फरक काहीसा भरून निघतो, पण ती घाई फुटवे आणि ओंबीच्या लांबीतून वसूल होते. दोन, उशिराचा पहिला तोटा दाण्याच्या वजनात दिसतो, परागाचा तोटा त्याच्या मागून येतो आणि अचानक येतो. तीन आठवडे उशीर केला तेव्हा थोडंच कमी आलं म्हणून पुढच्या वर्षी सहा-सात आठवडे उशीर चालेल असं गणित मांडू नका, ती उतरण सरळ नाही, पुढे कडा आहे.

मग कोणीही म्हणेल, एवढंच असेल तर ऑक्टोबरातच पेरू की. तेही मोजून बघा. ऑक्टोबरची सरासरी २६ धरून २० ऑक्टोबरला पेरलं तर फुलोरा १८ डिसेंबरलाच येतो, पेरणीपासून अवघ्या ६० दिवसांत. दाणा ३० जानेवारीला तयार, भरायला ४३ दिवस. म्हणजे दाणा भरायला वाढले फक्त २ दिवस आणि झाड वाढवायचे गेले ७ दिवस, तेसुद्धा फुटवे फुटायचे. गरम जमिनीत सुरुवात झालेला गहू फुटवे कमी करतो, ओंबी आखूड काढतो. शिवाय बुटक्या जातींचा अंकुराचा कोंब गरम जमिनीत आणखी आखूड राहतो, बी जरा खोल पडलं की वर येत नाही आणि उगवण विरळ होते. जिथे डिसेंबर-जानेवारीत दहिवर गोठतं तिथे तर फुलोरा नेमका कडाक्यात सापडतो आणि ओंबी परत रिकामी, या वेळी थंडीने. पेरताना रोजची सरासरी २०-२२ च्या आसपास उतरलेली असावी हा जुना ठोकताळा म्हणूनच टिकून आहे.

लवकर पेरायचंच असेल तर जात वेगळी लागते, जिला फुलायला थोडी थंडी अंगावर घ्यावी लागते किंवा जी मुळातच लांब मुदतीची आहे, म्हणजे लवकर पेरलं तरी ती घाईने निसवत नाही. उत्तर-पश्चिम भारतात डीबीडब्ल्यू १८७ आणि डीबीडब्ल्यू ३०३ अशा जाती ऑक्टोबरअखेरच्या लवकर पेरणीसाठी वापरतात त्यामागे हेच डोकं आहे. पण त्याच जाती सौम्य हिवाळ्याच्या भागात नुसत्या बघून आणू नका, थंडीची मागणी पुरी झाली नाही तर निसवायलाच उशीर होतो आणि जे टाळायचं होतं तेच पदरात येतं.

म्हणजे तारीख शोधायची उलट्या बाजूने. आधी तुमच्याकडे दहा वर्षांपैकी बहुतेक वर्षी कमाल तापमान ३० ओलांडून कायमचं वर कधी जातं ती तारीख काढा, जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदी यासाठी पुरतात. त्या तारखेपर्यंत दाणा निदान पिठाळ व्हायला हवा. तिथून ३५-४० दिवस मागे जा, तो फुलोरा. मग तिथून जातीचे अंश-दिवस मागे मोजत जा, ती पेरणी. आमच्या उदाहरणात ३० ची रेघ फेब्रुवारीच्या मध्याला होती, मागे गेलं की फुलोरा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पेरणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. दोन्ही बाजूला आठवडाभर ढील धरा, हवामान काही आपलं कॅलेंडर वाचत नाही. रान मोठं असेल तर सगळं एका दिवशी आणि एकाच जातीचं न पेरता दोन जाती किंवा आठवड्याच्या अंतराने दोन पेरण्या केल्या तर तीन दिवसांचा झटका सगळ्या ओंब्यांना एकाच नाजूक क्षणी गाठत नाही.

मागचं पीक निघायला उशीर होतो ही खरी अडचण आहे, आळस नाही, हे मान्य. तिथे बऱ्याचदा नांगरट, ढेकळं फोडणं, पाणी देऊन वाफशाची वाट बघणं यात आठ-पंधरा दिवस जातात. भात-गहू पट्ट्यात शून्य मशागतीचं पेरणी यंत्र चाललं ते मुख्यतः याच दिवसांसाठी, भाताच्या उरलेल्या ओलीवरच थेट पेरणी, मशागतीचा खर्च वाचला तो बोनस.

तरीही उशीर झालाच तर कमी मुदतीची, उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेली जात घ्या, बियाणं वाढवा, साधारण हेक्टरी १०० किलोच्या जागी १२५, आणि ओळी जरा जवळ, कारण फुटवे कमी येणार, ओंब्यांची संख्या मुख्य ताटांतूनच काढायची आहे. मग पाणी. पोटरीत आणि चिकाच्या अवस्थेत जमीन सुकू द्यायची नाही, ओल असेल तर पीक स्वतःला थंड ठेवतं हे वर सांगितलंच. फक्त ओंबी जड झाल्यावर वाऱ्याच्या दिवशी पाणी देऊ नका, गहू लोळला की तो तिसराच फटका. आणि फवारणी घेऊन कोणी आलं की विचारा, पीक आत्ता कुठल्या अवस्थेत आहे. पोटरीत पराग एकदा वांझ झाला की निसवलेल्या ओंबीवर काहीही मारा, तो परत जिवंत होत नाही.

पोटरी नक्की कधी हे बाहेरून ओळखायचं तर शेवटचं, म्हणजे सगळ्यात वरचं पान बघा. ते पूर्ण उलगडलं की त्या पानाचा सांधा खालच्या पानाच्या सांध्यापासून वर सरकायला लागतो. हे अंतर काही सेंटीमीटर झालं, खोड बोटांनी दाबलं तर आत ओंबी मऊ लागते पण अजून वरपर्यंत आलेली नाही, तेव्हा परागाचे दिवस चालू असतात. नेमके किती सेंटीमीटर हे जातीजातीला बदलतं, म्हणून आपल्या जातीची दोन-चार खोडं ब्लेडने उभी चिरून बघा, परागकोश हिरवे आहेत की पिवळे ते दिसेल. हिरवे असतील तर नाजूक दिवस चालू आहेत किंवा यायचे आहेत, पिवळे झाले असतील तर ते दिवस येऊन गेले. त्या दिवसाची तारीख आणि पुढच्या आठवड्याचं कमाल तापमान वहीत लिहून ठेवा, आणि काढणीला ओंबी चोळताना ती वही बरोबर घ्या.